पाचात तीन बरोबर, पण कुठल्या क्रमाने?

नाशिक भागातला एक द्राक्ष बागायतदार मोबाइलवर तीन शब्द टाइप करतो: ‘ऑक्टोबर छाटणी पाऊस’. गोडी छाटणी उरकून थोडेच दिवस झाले आहेत, कोवळी फूट बाहेर पडते आहे आणि आभाळ भरून आले आहे. अशा ओल्या हवेत केवडा, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचा डाऊनी, झपाट्याने पसरतो. छाटणीनंतर पाऊस झाला तर बागेत आज काय करायचे, एवढेच त्याला जाणून घ्यायचे आहे. शोधयंत्र त्याच्यापुढे पाच दुवे ठेवते. या शोधयंत्राने काम चोख केले की नाही, हे आकड्यात कसे मांडायचे?

हा बागायतदार आणि त्याचे दुवे कल्पित आहेत, पण प्रश्न जुना आहे. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड येथील एरॉनॉटिक्स कॉलेजचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हर्डन यांनी १९६०च्या दशकात त्यावर एक पद्धत बसवली. हवाई शास्त्रावरचे १४०० निबंध आणि २२५ प्रश्न घ्यायचे, कुठला निबंध कुठल्या प्रश्नाला उपयोगी पडतो हे जाणकारांकडून आधीच ठरवून घ्यायचे, आणि मग शोधाची वेगवेगळी तंत्रे त्या एकाच कसोटीवर घासून पाहायची. आजची मोजमापेही याच पायावर उभी आहेत.

त्यांतले सर्वांत सरळ मोजमाप म्हणजे ‘प्रिसिजन ॲट के’. ‘के’ म्हणजे यादीतल्या वरच्या किती जागा तपासायच्या तो आकडा. पाच जागा तपासल्या आणि त्यांतल्या तीन उपयोगी निघाल्या, तर प्रिसिजन ॲट पाच झाले ३ भागिले ५, म्हणजे ०.६. मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी चार-पाच दुवेच दिसतात, त्यामुळे विसाव्या क्रमांकावर काय दडले आहे याची चिंता हे मोजमाप करत नाही. ते योग्यच आहे. अडचण वेगळी आहे. समजा बागायतदाराच्या प्रश्नावर दोन शोधयंत्रे एकच पाच दुवे दाखवतात. एक लेख नेमका त्याच्या गरजेचा आहे: छाटणीनंतर पाऊस आल्यास घ्यायची काळजी. दुसऱ्यात केवड्याच्या फवारणीची माहिती आहे, उपयोगी पण अर्धी. तिसरा लेख द्राक्ष लागवडीचा, त्यात छाटणीवर एकच परिच्छेद. चौथी बातमी पावसाने झालेल्या कांदा रोपांच्या नुकसानीची आणि पाचवा लेख गुलाबाच्या छाटणीचा; हे दोन्ही बिनकामाचे. पहिले यंत्र नेमका लेख सगळ्यांत वर ठेवते, दुसरे तोच लेख पाचव्या जागी ढकलते. प्रिसिजन ॲट पाचच्या हिशेबात दोघांना ०.६. घाईत असलेल्या माणसाला मात्र या दोन याद्या एकसारख्या मुळीच वाटणार नाहीत.

या मोजमापाला दोन गोष्टी दिसत नाहीत. पहिली, उपयोगी आणि अत्यंत उपयोगी यांतला फरक. दुसरी, क्रम.

फिनलंडच्या टाम्पेरे विद्यापीठातले कालेर्वो यार्वेलिन आणि याना केकालाइनेन यांनी २००० आणि २००२ सालच्या निबंधांत या दोन्हींची सोय केली. त्यांच्या मोजमापाचे नाव ‘डिस्काउंटेड क्युम्युलेटिव्ह गेन’, रोजच्या बोलण्यात डीसीजी. कल्पना अशी की प्रत्येक दुव्याला उपयोगाप्रमाणे गुण द्यायचे, तो जितका खाली असेल तितकी त्या गुणांना कात्री लावायची आणि उरलेल्याची बेरीज करायची. इथे नेमक्या लेखाला ३, फवारणीच्या लेखाला २, लागवडीच्या लेखाला १ आणि उरलेल्या दोघांना शून्य गुण देऊ.

कात्री किती लावायची हे लॉगरिदम ठरवतो, पण त्या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. पहिल्या जागेवरचे गुण पूर्ण मिळतात. तिसऱ्या जागेवरचे निम्मे होतात, सातव्या जागेवर एक तृतीयांश, पंधराव्या जागेवर एक चतुर्थांश. मधल्या जागांचे भाजक मधले: दुसऱ्या जागेला १.५८, चौथीला २.३२, पाचवीला २.५८. नुसते क्रमांकाने भागले असते तर पाचव्या जागेवर एक पंचमांशच उरले असते. वाचणाऱ्याचा धीर इतक्या लवकर संपत नाही, म्हणून ही सौम्य उतरण निवडली गेली. ती निसर्गनियम नाही. मूळ निबंधात वाचक किती चिकाटीचा धरायचा त्यानुसार ही उतरण कमी-जास्त करण्याची मुभा आहे.

आता हिशेब. पहिल्या यंत्राच्या यादीतले गुण वरून खाली ३, २, ०, १, ० असे आहेत. पहिल्या जागेचे ३ पूर्ण, दुसऱ्या जागेच्या २ चे १.२६ उरतात, चौथ्या जागेच्या १ चे ०.४३, बेरीज ४.६९. दुसऱ्या यंत्राची यादी ०, १, ०, २, ३. तिथे दुसऱ्या जागेचे ०.६३, चौथ्या जागेचे ०.८६ आणि पाचव्या जागेचे १.१६ मिळून होतात २.६५. प्रिसिजनने ज्यांना एकाच मापाने मोजले होते, त्यांच्यात आता जवळजवळ दुपटीचे अंतर पडले.

पण ४.६९ हा आकडा एकटा काही बोलत नाही. एखाद्या प्रश्नाला दहा उत्तम लेख सापडू शकतात, एखाद्याला मुळात एकच असतो. म्हणून तो आदर्श यादीच्या गुणांनी भागतात. हेच पाच लेख सर्वोत्तम क्रमाने, म्हणजे ३, २, १, ०, ० असे लावले तर बेरीज ४.७६ होते. पहिल्या यंत्राला मिळाले ०.९९, दुसऱ्याला ०.५६. या भागाकाराला एनडीसीजी म्हणतात आणि तो नेहमी शून्य ते एकच्या दरम्यान राहतो. मग वेगवेगळ्या प्रश्नांचे आकडे एकत्र करून सरासरी काढता येते, आणि ती काढावीच लागते. एका प्रश्नावरून यंत्राची पारख करणे धोक्याचे. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने १९९२ साली सुरू केलेल्या ट्रेक या चाचण्यांमध्ये साधारणपणे ५० प्रश्नांचा संच वापरण्याची रीत पडली.

इथपर्यंत सारे सुरळीत दिसते. खरी फसगत त्या आदर्श यादीत होते.

समजा संग्रहात आणखी एक उत्तम लेख आहे, पूर्ण ३ गुणांचा, पण दोन्ही यंत्रांना तो सापडलाच नाही. कारण अस्सल मराठी आहे. त्या लेखात ‘पावसात’, ‘पावसानंतर’, ‘पावसाने’ असे शब्द आहेत, ‘पाऊस’ असा सुटा शब्द कुठेच नाही. प्रत्यय लागताच मूळ शब्दच बदलतो, आणि अक्षरे जुळवत बसणाऱ्या यंत्राला पाऊस आणि पावसात हे दोन अनोळखी शब्द वाटतात. हा लेख मोजणीत धरला तर आदर्श यादी ३, ३, २, १, ० होते आणि तिची बेरीज ६.३२. पहिल्या यंत्राचे ०.९९ घसरून ०.७४ वर येतात, दुसऱ्याचे ०.४२ होतात. यादी तीच, क्रम तोच. फक्त कशाशी तुलना करायची ते बदलले. काही जण आदर्श यादी यंत्राने दाखवलेल्या दुव्यांतूनच बनवतात. त्या रीतीने पहिल्या जागी एक गुणाचा लेख आणि खाली चार निरुपयोगी दुवे दाखवणाऱ्या यंत्रालाही पैकीच्या पैकी मिळतात. सरासरी संशयास्पद उंच दिसली, तर आधी हीच जागा तपासावी.

याहून वाईट घडते ते नव्या यंत्राच्या बाबतीत. मोठ्या संग्रहातला प्रत्येक लेख माणसाकडून तपासून घेणे अशक्य असते. म्हणून चाचणीत उतरलेल्या यंत्रांच्या यादीतले वरचे लेख गोळा करतात आणि तेवढेच परीक्षकांपुढे ठेवतात. जे त्या गोळाबेरजेत आले नाहीत ते निरुपयोगी धरले जातात. आता एक तिसरे यंत्र येते, जे पावसात या रूपावरून पाऊस ओळखते. ते हुकलेला लेख पहिल्या जागी ठेवते आणि त्याखाली उरलेले तीन उपयोगी लेख योग्य क्रमाने. बागायतदारासाठी याहून चांगली यादी नाही. पण तो पहिला लेख कुणी तपासलेलाच नाही, म्हणून त्याला शून्य. बेरीज होते ३.३२ आणि एनडीसीजी ०.७०, तर जुने यंत्र ०.९९ वर. लेख तपासून घेतला की चित्र उलटते: नवे यंत्र १.००, जुने ०.७४.

हे टाळण्याचा एक साधा उपाय आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही. गुणांसोबत, वरच्या पाच जागांतले किती लेख परीक्षकांनी कधी पाहिलेच नव्हते, तो आकडाही छापावा. तो मोठा असेल तर गुणांवर विसंबू नये. भारतीय भाषांसाठी तर हे फारच निकडीचे आहे. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने २००८ साली फायर या चाचण्या सुरू झाल्या आणि त्यांत बंगाली, हिंदीबरोबर मराठी बातम्यांचा संग्रहही आला. अशा संग्रहाचे निवाडे ज्या यंत्रांच्या यादीवरून गोळा होतात, त्यांना विभक्तीची रूपे ओळखता येत नसतील तर ती उणीव निवाड्यांतही उतरते आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या गुणांत मुरते.

आकडे वाचताना आणखी एक पथ्य. डीसीजीचा एक दुसरा अवतारही चलनात आहे. त्यात ३, २, १ ऐवजी ७, ३, १ असे गुण देतात, म्हणजे उत्तम लेखाचे वजन कितीतरी वाढते. त्या मापाने पहिल्या यंत्राचे ०.७४ होतात ०.७० आणि दुसऱ्याचे ०.४२ होतात ०.३५. सूत्र कुठले ते न सांगता दिलेले दोन अहवालांतले आकडे म्हणूनच शेजारी ठेवता येत नाहीत.

चित्रपट, गाणी किंवा वस्तू सुचवणाऱ्या यंत्रणांमध्ये परीक्षक बहुधा नसतातच. कुणी कशावर क्लिक केले, तोच निवाडा. पण क्लिकही निष्पक्ष नसतात. कॉर्नेल विद्यापीठातले थॉर्स्टन योआकिम्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली छापलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना गूगलचे निकाल मुद्दाम उलट क्रमाने दाखवले होते, तरीही वर ठेवलेल्या दुव्यांकडे त्यांचा कल टिकून राहिला. म्हणजे जुन्या यादीने जे वर ठेवले त्यालाच जास्त क्लिक, आणि त्या क्लिकवर मोजलेला एनडीसीजी जुन्या यादीचीच बाजू घेणार. यावर उपाय म्हणून थोड्या ग्राहकांना काही दुवे अदलाबदल करून दाखवतात. एकच दुवा वर असताना आणि खाली असताना त्याला किती क्लिक येतात हे त्यातून कळते, आणि प्रत्येक जागा पाहिली जाण्याची शक्यता काढता येते. पाचवी जागा पहिलीच्या एक चतुर्थांश वेळाच पाहिली जात असेल, तर तिथून आलेला एक क्लिक चार क्लिकांच्या वजनाने मोजतात.