सूर तेच, मुक्काम वेगळा : चर्चचे आठ मोड आणि कोकणातली चाल

भजनी मंडळाच्या पेटीवर एक प्रयोग सहज करता येतो. काळ्या पट्ट्यांना हात न लावता फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवायच्या आणि दर वेळी सा वेगळ्या पट्टीवर धरायचा. पांढरी एकवरून सुरुवात केली की बिलावल थाट मिळतो, दोनवरून काफी, तीनवरून भैरवी, चारवरून कल्याण, पाचवरून खमाज आणि सहावरून आसावरी. पट्ट्या त्याच असतात, फक्त सा हलतो. पाश्चात्त्य संगीतात ज्याला मेजर म्हणतात तो यातला पांढरी एकचा बिलावल आणि मायनरचे मूळ रूप म्हणजे पांढरी सहाची आसावरी.

मध्ययुगीन युरोपातल्या चर्चने मात्र नेमकी हीच दोन घरे बाजूला ठेवली होती. नवव्या शतकाच्या आसपास तिथल्या गायनाची आठ मोडमध्ये वर्गवारी झाली, तेव्हा चाल थांबण्याच्या जागा चारच मानल्या गेल्या : दोन, तीन, चार आणि पाच. प्रत्येक जागेवर दोन-दोन मोड होते. एक न्यासाच्या स्वरापासून वर चढणारा, दुसरा त्या स्वराच्या खाली-वर फिरणारा. एक आणि सहा या पट्ट्यांवरचे मोड हेन्रिकस ग्लारेआनसने आपल्या ग्रंथात यादीत घेतले ते 1547 साली. आज ज्या दोन सप्तकांवर जवळजवळ सगळे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत उभे आहे, ती मोडांच्या यादीत इतकी उशिरा आली.

काफी थाट म्हणजेच पहिला मोड, असे समीकरण मांडून थांबणे मात्र चुकीचे ठरेल. पहिला आणि दुसरा हे दोन्ही मोड पांढरी दोनवरच संपतात आणि त्यांचे स्वरही तेच आहेत. त्यांच्यातला फरक आपल्याला भूप आणि देशकारमुळे चटकन कळतो. दोन्हींत सा रे ग प ध हेच स्वर असतात, पण भूप गंधारावर रमतो आणि देशकार धैवतावर. मोडचेही तसेच आहे. त्याची ओळख तीन गोष्टींवरून पटते : चाल कुठे संपते, मध्ये कुठल्या स्वरावर रेंगाळते आणि किती खाली-वर जाते.

चर्चमधले स्तोत्रपठण पाहिले की हे स्पष्ट होते. या गायनाला ताल नाही, साथ नाही, सगळे एकाच सुरात गातात आणि लय शब्दांच्या मागून चालते. ओळ कितीही लांब असली तरी तिचा बहुतेक भाग एकाच स्वरावर म्हटला जातो. दुसऱ्या मोडमध्ये पांढरी दोनला सा मानले, तर गायक मंद्र कोमल निषादावरून सा घेऊन कोमल गंधारावर जातो आणि शब्द तिथेच म्हणत राहतो. अर्ध्या ओळीला मध्यमाला स्पर्श करून पुन्हा गंधारावर येतो. ओळ संपताना रे, खालचा कोमल नी आणि मग सा. सगळी हालचाल पाच स्वरांत आटोपते. पहिल्या मोडमध्ये हाच गायक कोमल गंधार आणि मध्यमावरून पंचमावर चढतो आणि पठण पंचमावर होते. अर्ध्या ओळीला तो वर ज्या धैवताला शिवतो, तो कोमल असतो. म्हणजे काफीचा शुद्ध धैवत इथे टिकत नाही. त्या मोडच्या चालींत धैवत कधी शुद्ध लागतो, कधी कोमल. मोड बदलला असे त्यामुळे कोणी म्हणत नाही, कारण मुक्कामाच्या जागा बदललेल्या नसतात.

आता दुसऱ्या मोडचा शेवट पुन्हा गाऊन पाहा. सा येतो तो कोमल निषादावरून, पूर्ण स्वराच्या अंतराने. मेजर आणि मायनरची घडण वेगळी पडते ती नेमकी इथे. मेजरमध्ये साच्या अगदी लगत शुद्ध निषाद असतोच, मायनरमध्येही शेवटाला कोमल निषाद चढवून तो घेतात; तो वर ओढतो आणि सा आल्यावर ती ओढ मिटते. युरोपात अनेक आवाजांचे गायन वाढले, तसे गायक मोडच्या चालींतही शेवटचा निषाद चढा घेऊ लागले. सतराव्या शतकात ही सवय पक्की झाली, कॉर्डचे व्याकरण तिच्यावर बसले आणि मोडांच्या जागी मेजर-मायनर ही जोडी राहिली.

लोकगीतांत मात्र जुनी वागणूक टिकली. सेसिल शार्पने 1907 साली इंग्लिश लोकगीतांवर पुस्तक लिहिले, तेव्हा काफी, खमाज आणि आसावरीच्या वळणाच्या चाली त्याने वेगळ्या काढून दाखवल्या. पर्सी ग्रेंजरने लिंकनशायरमध्ये फोनोग्राफवर गायकांचे आवाज मुद्रित केले आणि या वर्गवारीच्या मर्यादा उघड झाल्या. एकच गायक एकाच गाण्यात गंधार आणि निषाद कधी शुद्ध, कधी कोमल, कधी दोन्हींच्या मधला लावत होता. आणखी एक अडचण अशी, की पुष्कळ लोकचाली पाच-सहा स्वरांतच फिरतात. चालीत धैवत आलाच नाही, तर ती काफीची की आसावरीची हे सांगताच येत नाही. तिथे थाटाचे नाव देण्यापेक्षा न्यास आणि रेंगाळण्याची जागा लिहून ठेवणे अधिक खरे.

चर्चचे गायन आणि लोकचाली हे दोन प्रवाह कोकणपट्टीत एकमेकांजवळ आले. गोव्यात सोळाव्या शतकापासून लॅटिन प्रार्थनागायन शिकवले जात होते आणि त्याच प्रदेशात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते ओवीत. ते 1616 साली रायतूरला छापले गेले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 साली जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही मराठी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग, भजन आणि कीर्तनाची वाट धरली. जात्यावरची ओवी आणि चर्चचे स्तोत्र यांत कोणी कोणाकडून घेतले असे मला म्हणायचे नाही. पण लांब-आखूड ओळ थोड्या स्वरांत म्हणायची आणि ठरलेल्या वळणाने न्यासावर यायचे, हे काम दोन्हीकडे एकाच रीतीने होते.

अडचण येते ती साथीला कीबोर्ड आल्यावर. काफी वळणाची चाल ऐकून वादक तिला मायनर समजतो आणि शेवटाआधी पंचमावरची मेजर कॉर्ड दाबतो. त्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद असतो, गाणारा कोमल निषाद लावतो आणि दोन्ही एकमेकांना खेटून कर्कश ऐकू येतात. पुढच्या वेळी गाणारा आपलाच निषाद चढवून घेतो आणि चाल बदलते. खमाजच्या वळणाच्या चालीचे वेगळेच होते. पांढरी पाचचा खमाज आणि पांढरी एकचा मेजर यांच्या पट्ट्या त्याच असल्याने वादक मध्यमालाच घर समजतो. मग गाणे साला थांबले तरी अर्धवट राहिल्यासारखे वाटते. ओळखण्याची खूण सोपी आहे : साथ बंद करून फक्त सा-पचा सूर धरा. चाल तेवढ्यावर निवांत संपत असेल, तर चूक कॉर्डची आहे, गाणाऱ्याची नाही. कॉर्ड हवीच असेल, तर काफीच्या शेवटी कोमल निषादावरची, म्हणजे कोमल नी, रे आणि म यांची कॉर्ड घ्यावी. ती गाणाऱ्याच्या स्वराशी भांडत नाही.

शिमग्यात नमन-खेळ्यांची आणि जाखडीची गाणी आता मोबाइलवर मोठ्या प्रमाणात मुद्रित होतात. ती करणाऱ्यांना एक विनंती : प्रत्येक चालीचे निदान एक मुद्रण कीबोर्डविना, जुन्या गाणाऱ्याच्या आवाजात करा आणि सोबत सा कुठला, चाल कुठे रेंगाळली, शेवट खालच्या कोणत्या निषादावरून झाला एवढे लिहून ठेवा. चाल पुढे कोणी बदलली, तरी मूळ कशी होती हे त्यावरून सांगता येईल.