माया किती ठेवलीत?

तालुक्याच्या गावातली एक शिंपीण. लेकीच्या नावावरून तिनं दुकानाला ‘माया लेडीज टेलर्स’ असं नाव दिलं. गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यातलं शिवणकाम कुठल्याही दुकानात पाहता येईल.

लग्नानंतर दीड वर्षानं एक मुलगी आपला शालूवरचा ब्लाउज घेऊन आली. कडेवर तान्हं बाळ होतं. छाती चौतीसची छत्तीस झाली होती. सोबत आजी होत्या. शिंपिणीनं ब्लाउज उलटा केला आणि तिचा चेहरा उतरला. लग्नसराईच्या घाईत तिनं टिपेबाहेर जेमतेम पाव इंच कापड सोडून बाकीचं कापून टाकलं होतं आणि कडेला ओव्हरलॉक मारलं होतं. आतून काम सुबक दिसत होतं, पण उसवून पुढे सरकायला जागाच नव्हती.

आजी म्हणाल्या, “अगं, पाटीवर माया आणि कपड्यात मायाच नाही? मी तर नाव वाचूनच हिला तुझ्याकडे आणलं होतं.”

शिवणात टिपेच्या आत सोडलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. शिंपीण हा शब्द रोज वापरत होती, पण पाटीवर तो तिला लेकीचं नाव म्हणूनच दिसत आला होता. गिऱ्हाईक मात्र त्यात एक कबुली वाचत होतं: अंग बदललं तरी हा कपडा तुझाच राहील.

आता हिशोब पाहा. ब्लाउजला दोन बगला, आणि प्रत्येक बगलेत पुढचा आणि मागचा असे दोन थर. टीप अर्धा इंच बाहेर सरकवली की अर्ध्याच्या चौपट, म्हणजे दोन इंच मोकळे होतात. त्या मुलीला नेमके तेवढेच हवे होते. म्हणून बगलेत निदान एक इंच माया हवी: अर्धा इंच सोडायला, अर्धा टिपेला धरून ठेवायला. ही टीप कमरेपासून मुंढ्यातून थेट बाहीच्या टोकापर्यंत जाते. त्यामुळे बाहीतही माया लागते, नाहीतर अंगात सैल झालेला ब्लाउज काखेत काचतो.

मायेलाही मर्यादा आहेत. गळा आणि खांदा तिनं वाढत नाहीत. रेशमी कापडावर जुन्या टिपेची भोकं राहतात, आणि आतलं न विटलेलं कापड बाहेर आलं की गडद पट्टा दिसतो. कापडच कमी असेल तर मायेवरच कात्री चालते. तेव्हा ते कापण्याआधी सांगायला हवं.

शिंपिणीनं त्या मुलीकडून शालूच्या आतल्या टोकाचं थोडं कापड मागून घेतलं आणि दोन्ही बगलांत पट्ट्या जोडून दिल्या. पैसे घेतले नाहीत. पाटी तीच ठेवली, ओव्हरलॉक मात्र मायेच्या अगदी कडेला नेलं.

तुमचा ब्लाउज शिवून आला की आधी उलटा करून बगल पाहा. टिपेबाहेर बोटभर कापड नसेल तर तिथंच विचारा.