ऑनलाइन वर्गात शिरलेला ‘२३ नंबर’

मार्च २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात एका हायस्कूलचा झूमवर तास चालू होता. मध्येच कुणी अनोळखी माणूस आत आला, त्याने शिवी हासडली आणि शिक्षकाच्या घराचा पत्ता सगळ्या वर्गासमोर ओरडून सांगितला. त्याच राज्यातल्या दुसऱ्या शाळेच्या तासात एकजण कॅमेऱ्यासमोर येऊन अंगावर गोंदलेली नाझी चिन्हं दाखवून गेला. ३० मार्चला एफबीआयच्या बॉस्टन कार्यालयाने याबद्दल जाहीर इशारा दिला आणि ‘झूमबॉम्बिंग’ हा शब्द पालकांच्याही तोंडी बसला.

तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की हे बाहेरचे हॅकर असणार. मग काही संशोधकांनी २०२० च्या पहिल्या सात महिन्यांतल्या, ‘अमुक वर्गात घुसा आणि धिंगाणा घाला’ अशी इंटरनेटवर उघड दिलेली आमंत्रणं गोळा करून तपासली. त्यांतली बहुतेक आमंत्रणं आतल्यांनीच दिलेली निघाली. वर्गातलाच कुणी विद्यार्थी तास चालू असतानाच लिंक आणि पासवर्ड बाहेर देत होता. काहींनी तर घुसखोरांना सांगून ठेवलं होतं, की आत येताना आमच्या वर्गातल्या खऱ्या मुलाचं नाव लावा, म्हणजे सर आत घेतील.

ही शेवटची युक्ती फार घातक आहे, कारण तिच्यामुळे पडद्यावर दिसणारं नाव आणि प्रत्यक्ष माणूस यांची फारकत होते. गोंधळ झाला की मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोण होता?’ शिक्षक पडद्यावर वाचलेलं नाव सांगतात आणि संध्याकाळपर्यंत एका निरपराध मुलाच्या आईवडिलांना शाळेत बोलावलं जातं. हे टळतं ते शिक्षकाने पहिल्या अर्ध्या तासात काय टिपून ठेवलं त्यावर.

एक उदाहरण घेऊ. नववी ‘ब’चा विज्ञानाचा तास झूमवर चालू आहे. नावाआधी हजेरी क्रमांक लावायचा, असा शाळेचा नियम आहे. आपली उत्तरं मुलांना दाखवता यावीत म्हणून बाईंनी स्क्रीन शेअर सगळ्यांना खुलं ठेवलंय. ११ वाजून २२ मिनिटांनी वेटिंग रूममध्ये ‘23’ दिसतो. नेट गेलं की मुलं बाहेर फेकली जातात आणि परत येतात, हे रोजचंच. बाई त्याला आत घेतात. अर्ध्या मिनिटात पडद्यावर अश्लील व्हिडिओ सुरू होतो आणि एक आवाज बाईंचं नाव घेऊन घाण बोलू लागतो.

अशा वेळी पुरावा जमवण्याआधी ते थांबवायचं, कारण समोर चौदा वर्षांची मुलं आहेत. होस्टला ‘Suspend participant activities’ हे बटण मिळतं. ते दाबलं की सगळ्यांचे आवाज, कॅमेरे, चॅट आणि स्क्रीन शेअर एकदम बंद पडतात. रेकॉर्डिंग चालू असेल तर तेही थांबतं, म्हणून पुढचं सगळं आपोआप टिपलं जाईल या भरवशावर राहू नये. घुसखोराला काढण्यापूर्वी दोन सेकंद मिळाले, तर उपस्थितांची यादी उघडून तिचा स्क्रीनशॉट घ्यावा. एकदा काढलं की ते नाव यादीतून जातं. नाही जमलं तर नाही जमलं.

आपल्या उदाहरणातल्या बाईंना ते जमलं, आणि त्या यादीत ‘२३’ दोनदा होता. खरा २३ नंबर तास सुरू झाल्यापासून आतच होता. मुलांना धीर देऊन, तास संपवून, बाईंनी लगेच वहीत लिहिलं ते असं:

‘११:२२, वेटिंग रूममध्ये “23”, पुढे नाव नाही. मी आत घेतलं. ११:२३, त्याच नावाने स्क्रीन शेअर, अश्लील व्हिडिओ, अंदाजे वीस सेकंद. पुरुषी आवाज, कोवळा वाटला, ओळखीचा नाही. शब्द खाली जसेच्या तसे लिहिले आहेत. ११:२४, सगळं बंद केलं, त्याला काढलं, झूमकडे तक्रार केली. हजेरीतला २३ क्रमांकाचा विद्यार्थी ११:०२ पासून वर्गात होता. ११:२० ला त्याने माइकवरून प्रश्नाचं उत्तर दिलं. हजर विद्यार्थी ३८, यादी सोबत. आजची लिंक सकाळी ८ वाजता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती.’

नोंद एवढीच आहे. ती वाचताना लक्षात येतं, की बाईंनी पाहिलेलं आणि ऐकलेलं तेवढंच लिहिलंय. जिथे अंदाज आहे तिथे ‘अंदाजे’ किंवा ‘वाटला’ म्हटलंय. ‘दहावीतल्या अमक्याचं काम असणार’ हे त्यांच्या मनात आलंही असेल, पण ते वहीत नाही. २३ नंबरच्या मुलाला सोडवणारं वाक्यही त्याच नोंदीत आहे. दोन दिवसांनी ते कुणाला आठवलं नसतं आणि आठवलं तरी ‘बाई त्याची बाजू घेतात’ असं कुणी म्हणालं असतं. लिंक कुठे टाकली होती, ही ओळ बारीकशी दिसते, पण तपास बहुतेक वेळा तिथूनच पुढे सरकतो.

आता त्या ‘जसेच्या तसे’ शब्दांबद्दल. इथे आपले शिक्षक फार अडखळतात. संस्कार असे की शिवी लिहायला हात धजत नाही. मग अहवालात ‘असभ्य भाषा वापरली’ एवढंच येतं. त्यावरून समितीला काहीच ठरवता येत नाही. तो शब्द नुसती शिवी होता, लैंगिक धमकी होती की जातीवाचक होता, यावर कायद्याची वाट बदलते. म्हणून शब्द पूर्ण लिहावा. चॅटमध्ये रोमन लिपीत टाइप केला असेल तर तसाच, चुकीच्या स्पेलिंगसकट आणि पुढच्या इमोजीसकट. वाटल्यास तो कागद वेगळ्या बंद पाकिटात ठेवावा. पण टिंबं टिंबं घालू नयेत.

बाहेरच्या घुसखोराचा निदान गाजावाजा होतो. वर्गातल्या मुलांनी एखादीला महिनोन्महिने चॅटमध्ये छळलं तर ते कुणाला दिसतही नाही. झूमवर दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना पाठवलेला खासगी संदेश होस्टला दिसत नाही आणि होस्टने जतन केलेल्या चॅटच्या फाइलमध्येही तो येत नाही. म्हणजे पुरावा फक्त त्या मुलीच्या पडद्यावर असतो. ती सांगायला आली की बाईंनी त्याच क्षणी, तिच्या आईसमोर, स्क्रीनशॉट घ्यायला सांगावं आणि तिने काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहावं. ‘तुला त्याने धमकी दिली का?’ असं विचारू नये, ‘काय झालं?’ एवढंच विचारावं. एकेक प्रसंग सुटा पाहिला तर किरकोळ वाटतो. रोज तिने उत्तर दिलं की चॅटमध्ये तेच टोपणनाव आणि तेच हसणारे चेहरे येतात, हे तारखांसकट एका पानावर उतरवलं की मग कुणी ‘मुलांची मस्करी’ म्हणू शकत नाही.

व्हॉट्सॲपच्या वर्गगटातून चॅट एक्स्पोर्ट केलं, तर फाइलमध्ये आपल्या फोनमध्ये सेव्ह असलेलं नाव येतं, नंबर येत नाही. तुम्ही ‘रोहनची आई’ म्हणून सेव्ह केलं असेल तर फाइल तेवढंच सांगणार. म्हणून नंबर वेगळा लिहावा. परदेशातल्या मराठी शाळांचे ऑनलाइन वर्ग घेणाऱ्यांनी वेळेपुढे ती भारताची की न्यू जर्सीची हेही लिहावं. नाहीतर नंतर झूमच्या नोंदीशी ती जुळवताना घोळ होतो.

स्क्रीनशॉट मूळ फाइल म्हणूनच ठेवावा. त्यावर लाल गोल काढू नये, कडा कापू नयेत. दाखवायला वेगळी प्रत करावी. तो व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवला तरी चित्र आकसतं आणि फाइल बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश, म्हणजे आशयावरून निघणारा लांबलचक आकडा, नोंदवावी लागते. फाइलमध्ये जरा जरी फरक पडला तरी हा आकडा बदलतो.

पण एका बाबतीत स्क्रीनशॉट मुळीच घ्यायचा नाही. पडद्यावर लहान मुलाचं लैंगिक चित्र किंवा व्हिडिओ आला, तर त्याची प्रत घेणं, जवळ ठेवणं, ‘हे बघा काय आलं’ म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकणं शिक्षकालाच गुन्ह्यात अडकवू शकतं. अशी सामग्री बाळगणं किती गंभीर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलंय. तिथे नोंद शब्दांतच करायची: वेळ, नाव, लिंक असल्यास लिंक, काय दिसलं त्याचं एका ओळीचं वर्णन. मग थेट पोलिसांकडे जायचं. cybercrime.gov.in वरही तक्रार करता येते. वर्गावर आपोआप रेकॉर्डिंग चालू असेल तर ती फाइल कुणी उघडू नये, पुसूही नये. ती आहे एवढं पोलिसांना सांगावं.

विद्यार्थ्यांवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं शिक्षकाला बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. मुलांना लैंगिक हेतूने अश्लील काही दाखवणंही या कायद्यात येतं. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे आपण सुटलो, असं नाही. त्यांना कधी सांगितलं, ते काय म्हणाले, हेही वहीत लिहावं. ‘शाळेचं नाव खराब होईल, आत्ता थांबा’ असं उत्तर मिळालं तर तेही, वेळेसकट.

आणि घाई करावी. समाजमाध्यमांसाठीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांनी काढून टाकलेली माहिती तपासासाठी १८० दिवस जपायची असते. शाळेची समिती उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बसली, तर तेवढे दिवस सहज निघून जातात.

नोंद कुणाकुणाला दिसावी, याबद्दल मी आग्रही आहे: बाई, मुख्याध्यापक आणि गरज पडल्यास तपास अधिकारी, बस्स. तिच्यात इतर सदतीस मुलांचीही नावं आहेत. पुढे काही नवं कळलं, समजा लिंक ग्रुपवरून कुणी पुढे पाठवली ते सापडलं, तर जुनी ओळ खोडायची नाही. खाली नवी तारीख घालून लिहायचं आणि सही करायची. २३ नंबरच्या मुलाच्या घरी मात्र त्याच दिवशी फोन करावा. त्याला आणि त्याच्या आईला सांगावं, की तुझ्या नंबराने दुसरं कुणी आलं होतं, तू वर्गात होतास हे मी लिहून ठेवलंय. हा फोन कधी केला, तेही वहीत.