दर नाकारताना पुरवठादार राखणारे पत्र

आलेल्या दरपत्रकांपैकी एक स्वीकारले की उरलेल्या पुरवठादारांना नकार कळवावा लागतो. या नकाराच्या पत्राला बहुधा दोन कामे एकाच वेळी करावयाची असतात : आजचा दर नाकारावयाचा आणि उद्याचा पुरवठादार राखावयाचा. ही दोन कामे शब्दांच्या निवडीतून कशी साधतात, हे आपण एका कल्पित उदाहरणाच्या आधारे पाहू.

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात सोयाबीन खरेदी करणारी एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, असे समजा. हंगामापूर्वी तिला ५० किलो मापाची २,००० तागाची पोती हवी आहेत. तिने मान्य यादीतील तीन पुरवठादारांकडून दर मागविले. खामगावच्या व्यापाऱ्याचा दर प्रतिनग ६४ रुपये, तर अकोल्याच्या व्यापाऱ्याचा ५७.५० रुपये, दोन्ही दर माल पोच करण्यासह आहेत. तिसऱ्याचा दर ५५ रुपये दिसतो. परंतु वाहतुकीचे ४ रुपये वेगळे असल्याने तो प्रत्यक्षात ५९ रुपये होतो. पोच दर हीच तुलनेची समान पातळी असल्याने अकोल्याचा दर सर्वांत कमी ठरतो. खामगावच्या दराशी फरक प्रतिनग ६.५० रुपये, म्हणजे एकूण १३,००० रुपये आहे.

मात्र खामगावच्या व्यापाऱ्याचा नमुना उत्तम आहे, आणि ऐन हंगामात पोती कमी पडल्यास जवळचा पुरवठादार तोच आहे. तो दुखावला गेला आणि पुढच्या वेळी त्याने दरच दिला नाही, तर तुलनेला दोनच दर उरतील. म्हणून त्याला पुढील पत्र पाठविले जाते :

जावक क्र. … दिनांक …

प्रति,
मे. …, खामगाव, जि. बुलढाणा

विषय : तागाच्या पोत्यांच्या दरपत्रकाबाबत
संदर्भ : आपले दरपत्रक क्र. …, दि. …

महोदय,

५० किलो मापाच्या २,००० तागाच्या पोत्यांसाठी आपण पाठविलेले दरपत्रक मिळाले. आभारी आहोत. पोच दराच्या आधारे तुलना केली असता आपला प्रतिनग ६४ रुपये हा दर अन्य दरांपेक्षा अधिक असल्याचे आढळले. त्यामुळे या मागणीसाठी आपले दरपत्रक स्वीकारता येत नाही.

हा निर्णय केवळ दरावर आधारलेला आहे. आपल्या नमुन्याबाबत आमची हरकत नाही. मान्य पुरवठादारांच्या यादीत आपले नाव कायम असून पुढील गरजेच्या वेळी आपणाकडून नव्याने दर मागविण्यात येतील.

आपला विश्वासू,
(सही)
खरेदी अधिकारी

या पत्रात नकार दरपत्रकाला आहे, व्यक्तीला नाही. ‘आपण अपात्र ठरला आहात’ असे लिहिले असते, तर यादीतील नावच धोक्यात आले असे व्यापाऱ्याला वाटले असते. ‘नापसंत’ लिहिले असते, तर मालाला दोष लागला असता. ‘या मागणीसाठी’ हे शब्द नकाराची हद्द आखतात. ‘केवळ’ हा शब्द मात्र जबाबदारीचा आहे. नमुन्यातही उणीव असेल, तर तो वापरू नये. अन्यथा व्यापारी पुढच्या वेळी दर उतरवील आणि तरीही नाकारला जाईल.

शेवटच्या वाक्यातील आश्वासन दर मागविण्याचे आहे, माल घेण्याचे नव्हे. ‘पुढील मागणी आपणांसच देऊ’ हे वाक्य सौजन्याचे वाटले, तरी ते पाळणे खरेदीदाराच्या हाती नसते. त्या वेळचे दर अजून आलेलेच नसतात. तसेच प्रतिस्पर्ध्याचा ५७.५० रुपये हा आकडा पत्रात नाही. तो लिहिला की प्रतिस्पर्ध्याने विश्वासाने दिलेली माहिती उघड होते आणि नकाराची घासाघीस होते.

हे पत्र केव्हा पाठवावे, हेही महत्त्वाचे आहे. करारविषयक कायद्याच्या तत्त्वानुसार नकार कळविला की मूळ प्रस्ताव संपतो. समजा, पत्र गेल्यावर अकोल्याच्या व्यापाऱ्याने माघार घेतली. तेव्हा खामगावच्या व्यापाऱ्याला ६४ रुपयांना बांधून ठेवता येणार नाही. नव्याने दर मागवावा लागेल, आणि हंगाम तोंडावर असल्यास तो चढलेला असू शकेल. म्हणून निवडलेल्या पुरवठादाराने खरेदी आदेश लेखी स्वीकारल्यावर नकार पाठवावा. पण त्यानंतर विलंब करू नये. उत्तराच्या प्रतीक्षेत दुसऱ्याचा माल अडकून राहतो.

स्वाध्याय : ‘आपला दर परवडत नसल्याने आपणांस नाकारण्यात येत आहे, पुढे पाहू.’ या मजकुरातील दोष सांगा आणि तो तीन वाक्यांत पुन्हा लिहा.