अंगठा राहून जातो

परिचारिकांच्या प्रशिक्षणात एक सोपी चाचणी घेतात. अतिनील प्रकाशात चमकणारा द्रव मिसळलेलं हँडरब हातांना चोळायचं आणि हात त्या दिव्याखाली धरायचे. द्रव पोचला तो भाग चमकतो. तळवे लख्ख उजळतात. अंगठे आणि बोटांची टोकं मात्र अनेकदा काळीच राहतात. नाडी पाहताना, सलाईन लावताना रुग्णाला हीच टोकं लागतात.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने क्रम ठरवून दिला आहे. तळव्याच्या खळग्यात भरेल इतकं हँडरब घ्यायचं. आधी तळव्यावर तळवा, मग हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या आणि बोटांच्या पाठी चोळायच्या. त्यानंतर अंगठा मुठीत धरून फिरवायचा आणि शेवटी बोटांची टोकं तळव्यावर गोल घासायची. याला २० ते ३० सेकंद लागतात. हात त्याआधीच कोरडे झाले, तर द्रव कमी घेतला असं समजावं.

हात रक्ताने किंवा विष्ठेने माखले असतील, तर हँडरब पुरत नाही. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे बीजाणूही अल्कोहोलने मरत नाहीत. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं, ४० ते ६० सेकंद.