मीटरची नोंद कुठल्या यंत्रावर?

दर पंधरा मिनिटांनी स्वतःहून वाचन पाठवणारे वीजमीटर आता घराघरांत बसू लागले आहेत. समजा, एका वीज कंपनीकडे असे १० लाख मीटर आहेत. एका मीटरची दिवसाला ९६ वाचने होतात, सगळ्यांची मिळून ९ कोटी ६० लाख. वर्षाला साडेतीन हजार कोटी ओळी. सेकंदाची सरासरी काढली तर जेमतेम १,१११ नव्या नोंदी येतात आणि एवढ्या नोंदी एक चांगला सर्व्हर लिहून घेईल. पण चार-पाच वर्षांचा साठा, त्यावर ग्राहकांचे, बिलिंगचे आणि भारनियोजनाचे प्रश्न, हे सगळे एका यंत्रावर पेलणार नाही. म्हणून आपण १६ यंत्रे घेतली. आता ठरवायचे ते एकच: आलेली नोंद त्यांतल्या कुठल्या यंत्रावर जाणार?

याला पार्टिशनिंग म्हणतात आणि त्याच्या दोन मुख्य रीती आहेत. रेंज पार्टिशनिंगमध्ये नोंदी त्यांच्या कीच्या क्रमाने लावतात आणि त्या क्रमाचे सलग तुकडे यंत्रांना वाटतात. शब्दकोशाच्या खंडांसारखेच हे: शेजारचे शब्द शेजारीच राहतात. हॅश पार्टिशनिंगमध्ये की एका गणिती फलनातून काढतात. फलन तिच्यापासून एक मोठी संख्या बनवते आणि ती संख्या यंत्र ठरवते. हे फलन मुद्दाम असे निवडलेले असते की कीमध्ये एका अंकाचा फरक पडला तरी उत्तर कुठल्या कुठे जावे. त्यामुळे नोंदी यंत्रांवर जवळजवळ सारख्या पसरतात, पण शेजार मोडतो.

आपल्या मीटरना आधी रेंज लावून पाहू आणि कीच्या आरंभी वेळ ठेवू. हा सहज सुचणारा पर्याय आहे. ‘काल संध्याकाळी ७ ते ८ या तासात सर्व मीटरची वाचने द्या’ असे विचारले की ४० लाख ओळी लागतात, आणि त्या सगळ्या एकाच यंत्रावर ओळीने मांडलेल्या सापडतात. सुरुवातीची जागा एकदा शोधायची आणि तिथून पुढे वाचत जायचे. डिस्कला याहून सोपे काम नाही.

लिहिताना मात्र हीच मांडणी उलटते. या क्षणी येणाऱ्या प्रत्येक वाचनाची वेळ ‘आत्ता’ आहे आणि ‘आत्ता’ कायम क्रमाच्या शेवटच्या टोकाला असते. म्हणजे सेकंदाला येणाऱ्या सर्व १,१११ नोंदी शेवटच्या तुकड्यावर जातात आणि उरलेली पंधरा यंत्रे लिहिण्याच्या कामात भागच घेत नाहीत. वाचनाचेही तेच, कारण लोक तीन वर्षांपूर्वीचे आकडे क्वचित विचारतात. कालचे आणि आजचे सतत विचारतात. एचबेस किंवा गूगलचे बिगटेबल यांच्यासारख्या व्यवस्थांत तुकडा मोठा झाला की आपोआप दुभंगतो, त्यामुळे हा गुंता सुटेल असे वाटते. तो सुटत नाही. तुकडा मध्ये फुटला की जुन्या वेळेचा अर्धा भाग जिथल्या तिथे राहतो, त्यात पुन्हा कधीच भर पडत नाही. सगळा ओघ नव्या अर्ध्याकडे वळतो. तप्त जागा फक्त दुसऱ्या यंत्रावर सरकते.

हा दोष ओळखायचा तर क्लस्टरच्या सरासरीवर विसंबू नये. सोळांपैकी एक यंत्र पूर्ण ताणलेले आणि बाकीची रिकामी असतील तर सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास दिसते. फलकावर सगळे शांत असते आणि नोंदी लिहायला मात्र वेळ लागत असतो. प्रत्येक यंत्राचा, जमल्यास प्रत्येक तुकड्याचा आलेख वेगळा काढावा. एकच रेघ वर चढलेली आणि दर काही दिवसांनी ती यंत्र बदलते आहे असे दिसले, तर की काळाच्या क्रमाने वाढते आहे हे नक्की समजावे. मोंगोडीबीचा आपोआप तयार होणारा `ObjectId` हीच अडचण आणतो, कारण त्याचे पहिले चार बाइट वेळेचे असतात. हॅश केलेली शार्ड की देण्याची सोय तिथे २.४ या आवृत्तीत आली ती अशाच कामांसाठी.

तर मग सरळ हॅश करू. मीटर क्रमांक आणि वेळ मिळून जी की होते ती सबंध फलनातून काढली, की प्रत्येक यंत्राला सेकंदाला सुमारे ७० नोंदी मिळतात. समतोल उत्तम. पण आता ग्राहक विचारतो, माझ्या मीटरची महिन्याभराची वाचने दाखवा. ओळी फक्त २,८८०. त्या सोळाही यंत्रांवर उधळलेल्या आहेत, प्रत्येकावर साधारण १८०. ‘१ ते ३० तारीख’ या पट्ट्याला हॅशच्या जगात अर्थच उरत नाही, कारण १ तारखेच्या हॅशशेजारी २ तारखेचा हॅश नसतो. प्रत्येक यंत्रावर वेगळा इंडेक्स ठेवला तर आतला शोध लवकर होईल, तरीही विचारावे सोळांनाही लागेल आणि उत्तर सर्वांत संथ यंत्राच्या वेगानेच मिळेल. प्रत्येक यंत्र शंभरातून एकदा अडखळते असे धरा. एकाला विचारले तर शंभरातला एक ग्राहक ताटकळेल. सोळांना विचारले तर कुणीतरी एक अडखळण्याची शक्यता जवळजवळ १५ टक्के होते आणि शंभर यंत्रे असतील तर ६३ टक्के. यंत्रे वाढवावी तसा हा प्रश्न अधिक संथ होत जातो. पट्ट्याने वाचण्याच्या कामात हॅशचा खरा तोटा हा आहे.

इथवर दोन्ही रीती एकमेकींच्या शत्रू वाटतात, पण माझ्या मते त्यांची अशी समोरासमोर तुलना करणेच फसवे आहे. कीच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी रीत लावता येते. कॅसँड्रात हे एका ओळीत लिहितात:

```sql
PRIMARY KEY ((meter_id), vel)
```

आतल्या कंसातला मीटर क्रमांक हॅश होऊन यंत्र ठरवतो. त्या यंत्रावर त्या मीटरच्या ओळी वेळेच्या क्रमाने सलग बसतात. आता ग्राहकाच्या २,८८० ओळी एकाच यंत्रावर, एकापाठोपाठ एक मिळतात. लिहिणेही पसरते, कारण या क्षणी दहा लाख वेगवेगळे मीटर बोलत असतात. जो भाग विचारताना नेहमी नेमका माहीत असतो त्याला हॅश लावावा. जो भाग ‘इथपासून तिथपर्यंत’ असा विचारला जातो त्याला क्रम द्यावा.

यालाही किंमत आहे आणि ती आपल्या पहिल्या प्रश्नात कळते. काल ७ ते ८ या तासातल्या ४० लाख ओळी आता पुन्हा मागा. सोळाही यंत्रांना काम मिळते, ते चांगलेच. पण प्रत्येक मीटरच्या सलग पट्टीतून त्या तासाच्या फक्त चार ओळी उचलायच्या आहेत. म्हणजे एका लांब वाचनाऐवजी दहा लाख छोट्या उड्या. भारनियोजनाचे लोक हा प्रश्न तासातासाला विचारणार असतील तर त्यांच्यासाठी त्याच माहितीची दुसरी प्रत वेगळ्या कीने ठेवावी: आधी तास आणि ० ते १५ मधला एक बादली-क्रमांक, मग मीटर आणि वेळ. बादली-क्रमांकामुळे त्या तासाचे लिहिणे सोळा जागी पसरते आणि वाचताना सोळा सलग तुकडे वाचून जोडायचे असतात. प्रत्येक नोंद दोनदा लिहावी लागते, डिस्क दुप्पट लागते. मला ही किंमत रास्त वाटते. एकाच मांडणीकडून दोन विरुद्ध दिशांच्या प्रश्नांची अपेक्षा करण्यापेक्षा तरी नक्कीच.

हॅशबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. हॅश अनेक कींचा भार वाटतो, एका कीचा भार तो फोडू शकत नाही. उपकेंद्रातला एखादा मीटर दर सेकंदाला वाचन पाठवत असेल तर त्याच्या दिवसाला ८६,४०० ओळी होतात, महिन्याला सुमारे २६ लाख, आणि त्या सगळ्या एकाच जागी साठत राहतात, कारण की तीच असली की हॅशही तोच येतो. उपाय म्हणजे हॅश होणाऱ्या भागातच काळाचा ठोकळ तुकडा घालणे:

```sql
PRIMARY KEY ((meter_id, diwas), vel)
```

आता रोज नवा हॅश, नवी जागा. आठवड्याची वाचने हवी असतील तर सात ठिकाणी विचारावे लागते, पण ती सात ठिकाणे आधीच माहीत असतात. घरगुती मीटरला मात्र दिवसाचा तुकडा घालू नये. त्याच्या ९६ ओळींसाठी रोज नवी जागा केली तर महिन्याच्या बिलाला तीस ठिकाणे गाठावी लागतील. तिथे महिना किंवा वर्ष पुरते. आणखी एक मर्यादा: सगळे मीटर बरोबर सव्वाच्या, साडेच्या ठोक्याला वाचन पाठवू लागले तर लाट सोळाही यंत्रांवर एकदम आदळते. हॅश भार यंत्रांमध्ये वाटतो, वेळेत वाटत नाही. त्यासाठी मीटरनेच काही सेकंद मागेपुढे पाठवले पाहिजे.

यंत्र वाढवण्याचा मुद्दा थोडक्यात. हॅशला १६ ने भागून उरलेली बाकी हाच यंत्राचा क्रमांक ठेवला असेल, तर सतरावे यंत्र आले की जवळजवळ ९४ टक्के नोंदींना घर बदलावे लागते. म्हणून यंत्रे वाढणार असतील तर असे थेट भागणे टाळतात. १९९७ साली कार्गर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली कन्सिस्टंट हॅशिंगची रीत अ‍ॅमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमोच्या शोधनिबंधात वापरलेली दिसते; तीत फक्त नव्या यंत्राच्या वाट्याच्या नोंदी हलतात. रेडिस क्लस्टर आधीच १६,३८४ खाने पाडून ठेवते आणि खाने हलवते.

आता हे सारे अनेक यंत्रांचे झाले. पोस्टग्रेसमध्ये एकाच सर्व्हरवर टेबलाची पार्टिशने करणार असाल तर हिशेब बदलतो आणि इथे वरचे नियम आंधळेपणाने लावलेले मी पाहिले आहेत. सगळी पार्टिशने एकाच यंत्रावर असतील तर वेळेच्या रेंजने कुठले यंत्र तापणार? एकच तर आहे. उलट महिन्यामहिन्याच्या रेंजचे दोन मोठे फायदे हाती लागतात. तारखेचा पट्टा विचारला की बाकीच्या महिन्यांना पोस्टग्रेस हातही लावत नाही. `EXPLAIN` दिले की फक्त लागणाऱ्या पार्टिशनांची नावे दिसतात. आणि पाच वर्षांपूर्वीची माहिती काढून टाकायची वेळ आली की कोट्यवधी ओळी `DELETE` करत बसण्याऐवजी तो महिना `DROP TABLE` ने क्षणात जातो. मीटर क्रमांकावर हॅश केला असेल तर जुनी वाचने सगळ्याच पार्टिशनांत मिसळलेली असतात आणि ही सोय उरत नाही. मुदतीनंतर पुसायच्या नोंदी एका सर्व्हरवर असतील तर मी वेळेची रेंजच निवडेन.

ही निवड नंतर सहज बदलता येत नाही. कॅसँड्रात टेबलाची प्रायमरी की पुढे बदलता येत नाही, पोस्टग्रेसमध्ये पार्टिशनची रीत बदलायची म्हणजे नवे टेबल करून सगळ्या ओळी त्यात हलवायच्या, मोंगोडीबीत ५.० पासून शार्ड की बदलता येते, पण त्यासाठीही सारी माहिती नव्याने वाटली जाते. तेव्हा टेबल करण्याआधी एका कागदावर रोज विचारले जाणारे चार-पाच प्रश्न लिहा, प्रत्येकात नेमके काय माहीत असते आणि कशाचा पट्टा मागितला जातो ते शेजारी मांडा, आणि मगच की ठरवा.