सळई आधी, काँक्रीट नंतर

तीन खांब आणि त्यांच्यावरून सलग गेलेला एक आरसीसी बीम. दोन्ही गाळे सहा-सहा मीटरचे. सुरक्षिततेचा गुणक धरून बीमच्या दर मीटरवर ४० किलोन्यूटन, म्हणजे साधारण चार टन भार आहे. निम्मा बांधकामाच्या वजनाचा, निम्मा माणसांचा आणि सामानाचा. हा बीम सर्वांत जास्त वाकू पाहतो तो मधल्या खांबाच्या माथ्यावर. तिथला वाकवणारा जोर, म्हणजे मोमेंट, नेहमीच्या गणिताने १८० किलोन्यूटन-मीटर येतो. बीम तिथे वरून ताणला जातो आणि खालून दाबला जातो, म्हणून सळ्या वरच्या अंगाला लागतात.

बीम २३० मिलिमीटर रुंद, सळ्यांपर्यंतची खोली ५००, काँक्रीट एम २५ आणि सळई एफई ५०० धरली, तर १६ मिलिमीटरच्या पाच सळ्या लागतात. त्या एका थरात बसवल्या की दोन सळ्यांमध्ये जेमतेम २१ मिलिमीटर फट उरते. २० मिलिमीटरच्या खडीला किमान २५ हवी. शिवाय तिथूनच खांबाच्या सळ्या वर जातात. काँक्रीट खाली उतरत नाही आणि जिथे ताकद सर्वांत जास्त हवी तिथेच पोकळ्या राहतात.

आता जरा बारकाईने पाहू. १८० हा आकडा दोन्ही गाळे पूर्ण भरलेले असतानाचा आहे. गाळ्याच्या पोटातला सर्वांत मोठा मोमेंट मात्र एकच गाळा भरलेला असताना येतो: गाळ्यात सुमारे ११९ आणि तेव्हा खांबावर फक्त १३५. म्हणजे खांबावरची सर्वांत वाईट वेळ आणि गाळ्यातली सर्वांत वाईट वेळ एकदम कधीच येत नाही, आणि आपण सळई मात्र दोन्हींसाठी घालतो. खांबावरचा १८० चा मोमेंट २५ टक्क्यांनी उतरवून १३५ केला, तर गाळ्यातला वाढून सुमारे ११९ होतो. तेवढी सळई तिथे आधीच आहे! खांबावर आता चार सळ्या पुरतात आणि गाळ्यात एकही वाढत नाही. मोमेंटचे असे फेरवाटप आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाला मान्य आहे.

पण बीम हे कागदावरचे गणित पाळतो कसा? भार वाढत गेला की खांबावरची सळई आधी नमते. नमलेली सळई जोर सोडत नाही, फक्त लांबत राहते. त्यामुळे बीमचा तो छेद आपला मोमेंट धरून ठेवूनच बिजागरीसारखा थोडा वळतो आणि पुढचा वाढीव भार गाळे उचलतात. अट एकच: हे वळण पुरे होण्याआधी खालचे काँक्रीट चुरडता कामा नये.

त्या अटीचे माप म्हणजे तटस्थ अक्षाची खोली. छेदातला दाबलेला भाग आणि ताणलेला भाग यांच्या सीमेवर ही रेषा असते. काँक्रीट सुमारे ०.००३५ इतक्या विकृतीला चुरडते, असे मानक धरते. दाबलेला पट्टा रुंद असेल तर त्या क्षणी सळई फारशी ताणलेली नसते. अक्ष खोलीच्या ०.४६ पट असताना सळईची विकृती ०.००४१ होते, म्हणजे ती जेमतेम नमू लागलेली असते. तोच अक्ष ०.३० वर आणला तर ती ०.००८२ होते, दुप्पट. म्हणून मानकाचा नियम असा: अक्षाचे गुणोत्तर आणि उतरवलेल्या मोमेंटचा अंश यांची बेरीज ०.६ च्या वर जाऊ नये. आपण ०.२५ उतरवले, तेव्हा अक्ष ०.३५ च्या आत हवा. चार सळ्यांनी तो ०.३४ वर येतो. काठावर, पण आत.

हा काठ साइटवर सहज ओलांडला जातो. एम २५ ऐवजी प्रत्यक्षात एम २० च्या ताकदीचे काँक्रीट पडले, तर तेवढाच ताण तोलायला दाबाचा पट्टा वाढतो, अक्ष ०.४२ वर जातो आणि १८ टक्क्यांच्या वर फेरवाटपाची मुभाच उरत नाही. सळ्या मोजून हे कळणार नाही. क्यूबच्या चाचणीतच कळेल. खात्री नसेल तर बीम खोल करावा, किंवा खालच्या सळ्या खांबावरून सलग नेऊन दाबाच्या बाजूला मदत द्यावी.

मानकाने उतरवण्यावर ३० टक्क्यांची कमाल मर्यादाही घातली आहे. भाराचा गुणक दीड आहे. त्याचे ७० टक्के म्हणजे १.०५. म्हणजे रोजच्या भाराखाली खांबावरची सळई नमत नाही, नमण्याची वेळ फक्त अतिभारातच येते. जिथे इमारतीचा आडवा तोल बीम-खांबांच्या सांगाड्यावरच आहे आणि मजले चारपेक्षा जास्त आहेत, तिथे मात्र ही मर्यादा १० टक्क्यांवर येते.

यात एक चूक वारंवार होते. फेरवाटपानंतर वरचा ताण खांबापासून सव्वा मीटरच्या आतच संपलेला दिसतो, म्हणून वरच्या सळ्या तिथेच तोडल्या जातात. पण शेजारचा गाळा एकटाच भरला की रिकाम्या गाळ्यात हाच ताण सव्वादोन मीटरपर्यंत पोहोचतो. सळ्या त्याच्याही पुढे, पकडीच्या लांबीसह, न्याव्या लागतात.